बैठक त्यांची, मेल मात्र आपल्याच कौतुकाचा

सप्रेम नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीतील एका छोट्या कंपनीत विक्रीचे काम पाहतो. शीतगृहातील तापमानाची आपोआप नोंद ठेवणारी आणि काही बिघडल्यास मोबाइलवर इशारा देणारी यंत्रणा आम्ही विकतो. डिसेंबरच्या सुरुवातीला तासगाव भागातील एका बेदाणा शीतगृहाचे मालक, त्यांचे चिरंजीव आणि मॅनेजर यांच्याबरोबर सव्वा तास चांगली बैठक झाली. निघताना मालक म्हणाले, “सगळं मेलवर पाठवा.” मी तिसऱ्या दिवशी सविस्तर मेल पाठवला. तीन आठवडे झाले, उत्तर नाही. मेल फार लांब झाला असे आमचे साहेब म्हणतात. पण काय गाळावे ते मला कळत नाही, आणि फार थोडक्यात लिहिले तर उद्धटपणा वाटेल अशी भीती वाटते. मेलची प्रत आणि बैठकीत लिहिलेल्या वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, कुपवाड

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मेलपेक्षा तुमच्या वहीचे पान मला अधिक चांगले लिहिलेले वाटले. वहीत समोरची माणसे बोलताना ऐकू येतात, मेलमध्ये फक्त तुमची कंपनी बोलते. म्हणून दुरुस्तीसाठी मेल समोर घेऊन एकेक वाक्य आखूड करत बसण्याऐवजी मी एक वेगळेच काम आधी केले: प्रत्येक वाक्यापुढे ते कोणाचे आहे, याची खूण केली. मेलमध्ये एकंदर २६ वाक्ये आहेत. त्यांतली १७ तुमच्या कंपनीविषयी आणि यंत्रणेच्या गुणांविषयी आहेत, ५ आभार आणि अपेक्षा यांत गेली आहेत, आणि शीतगृहातील तिघांनी सव्वा तासात जे सांगितले, त्याच्या वाट्याला उरलेली ४ आली आहेत. लांबी ही तुमच्या मेलची तक्रार आहेच, पण तिचे कारण या हिशेबात आहे. हाच मेल निम्मा केला असता आणि प्रमाण तेच ठेवले असते, तरी मालकांना त्यात आपली बैठक सापडली नसती.

आता ती ४ वाक्ये पाहू. त्यांतले पहिले असे आहे: “चर्चेदरम्यान आपणास अत्याधुनिक तापमान नियंत्रण व्यवस्थेची आवश्यकता असल्याचे आमच्या निदर्शनास आले.” हे वाक्य वहीत कुठेही नाही, कारण ते कोणीही बोललेले नाही. शिवाय ते चुकीचेही आहे. तुमची यंत्रणा तापमान मोजते, नोंदवते आणि इशारा देते. थंडावा कमीजास्त करण्याचे काम त्यांच्या कॉम्प्रेसरचे आणि ते चालवणाऱ्या ऑपरेटरचे आहे. शीतगृह चालवणाऱ्या माणसाला हा फरक एका शब्दावरून कळतो, आणि ‘यांना आपले काम नीट समजलेले दिसत नाही’ हे मत तिथेच तयार होते. गरज लिहिताना शब्द त्यांचेच ठेवावेत, असे मी सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे. शब्द आपले झाले की त्यात आपला माल डोकावू लागतो.

तुमच्या वहीतल्या ओळी मी क्रमाने घेतो, कारण खरे संपादन तिथे आहे.

‘मालक – लाइट गेली की मला घरी कळलं पाहिजे, रात्री पण.’ ही ओळ मेलमध्ये सर्वांत वर यायला हवी होती. ज्यांच्या सहीने खरेदी होणार, त्यांनी स्वतःहून, कोणी न विचारता सांगितलेली ती गरज आहे. तुम्ही मात्र तिचे ‘तत्काळ सूचना प्रणाली’ असे केलेत. यात दोन तोटे झाले. मालकांचे वाक्य मालकांना ओळखू येईनासे झाले, आणि ‘तत्काळ’ या शब्दाने तुम्ही लेखी वचन देऊन बसलात. यंत्र दर दहा मिनिटांनी मोजमाप घेत असेल, तर इशारा नवव्या मिनिटालाही जाऊ शकतो. आणि वीज जाताच तुमच्या यंत्राबरोबर संदेश पाठवणारा रूटरही बंद पडत असेल, तर बॅटरीची सोय केल्याशिवाय इशारा जाणारच नाही. म्हणून ‘वीज गेली तर रात्रीसुद्धा घरी कळावे’ एवढेच लिहावे. किती मिनिटांत आणि किती अंशांवर, हे जागेवर बसून ठरवायचे प्रश्न आहेत.

‘चिरंजीव – नोंदी महिन्याच्या काढून व्यापाऱ्यांना दाखवता याव्यात.’ हीदेखील ठेवावी, आणि हे चिरंजीवांनी सांगितले होते याची आठवण राहील अशा शब्दांत ठेवावी. वडिलांच्या गरजेखाली आपलीही गरज लिहिलेली दिसली, तर मेल घरात पुढे सरकवण्याचे काम तेच करतात.

‘मॅनेजर – रात्रीचं रजिस्टर पहाटे एकदम भरतात.’ ही ओळ तुम्ही मेलमध्ये जशीच्या तशी घातली आहे, आणि मला वाटते तुमच्या मेलची सर्वांत मोठी चूक हीच आहे. मॅनेजरने विश्वासाने सांगितलेली गोष्ट तुम्ही मालकांना लेखी कळवलीत. रात्रपाळीच्या माणसाची चूक म्हणजे अखेर मॅनेजरच्या देखरेखीची चूक, त्यामुळे तुमचा मेल पुढे न सरकण्यात ज्या माणसाचा हात असू शकतो, तो तुमच्याच वाक्याने दुखावला गेला असावा. याच जातीची दुसरी ओळ आहे: ‘गेल्या मे महिन्यात एका चेंबरचा माल काळवंडला.’ तीही मेलमध्ये आहे. गेल्या वर्षी वळवाच्या पावसात वीज गेली, चेंबर तापला आणि बेदाण्याचा रंग गेला, ही गोष्ट त्यांनी चहा घेता घेता सांगितली होती. त्या शीतगृहात माल दुसऱ्यांचा असतो, शेतकऱ्यांचा आणि व्यापाऱ्यांचा. मेल एका बोटाने पुढे पाठवता येतो. तो दिवाणजीकडे जातो, कधी छापून टेबलावर पडतो. शीतगृहाच्या नावानिशी नुकसानीची कबुली असलेला कागद कोणत्याही मालकाला फिरायला नको असतो, आणि तसा मेल मनाला पटला तरी तो कोणाला दाखवता येत नाही. गरज लिहावी, तिच्यामागची फजिती लिहू नये. ती तुमच्या वहीत सुरक्षित आहे, आणि पुढच्या भेटीत तोंडी बोलताना तिचा उपयोग होणारच आहे.

‘दुसऱ्या कंपनीचं कोटेशन आलंय’ ही ओळ तुम्ही गाळलीत, ते योग्य केलेत. ‘फेब्रुवारीच्या आत बसलं पाहिजे’ ही मात्र गाळायला नको होती. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की नवा बेदाणा तयार होऊन चेंबर भरू लागतात, आणि भरलेल्या चेंबरमध्ये शिड्या लावून तारा ओढणे कोणालाच परवडत नाही. ही मुदत त्यांची आहे, तुम्ही घातलेली नाही. त्यामुळे तिचा उल्लेख केल्यास घाई केल्यासारखे वाटत नाही, उलट तुम्ही ऐकले होते असे दिसते.

राहिली शेवटची ओळ, आणि माझ्या मते पानावरची सर्वांत मोलाची: ‘२ नंबरमध्ये आत फोन लागत नाही, तुमचं यंत्र कसं लागणार?’ हा मालकांचा आक्षेप होता. तुम्ही त्याला मेलमध्ये एका परिच्छेदाचे तांत्रिक उत्तर दिलेत, अँटेनाच्या वर्णनासह. पण ती शंका वाचून फिटणारी नाही. चेंबरच्या भिंती फोम भरलेल्या पत्र्याच्या पॅनेलच्या असतात, आणि पत्रा लहरी अडवतो. रेंज बाहेर असली तरी आत मिळेल की नाही, हे त्या भिंतींवर, दाराच्या जागेवर आणि यंत्र कुठे टांगले यावर अवलंबून असते. प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय हे तुम्हालाही सांगता येणार नाही. म्हणजे तुमचे पुढचे पाऊल मालकांनीच तुमच्या हातात दिले होते, आणि तुम्ही ते परिच्छेदात पुरून टाकलेत.

पुढच्या पावलाविषयी तुमच्या मेलचा शेवट पुन्हा वाचा. तिथे कुपवाडला येऊन प्रात्यक्षिक पाहण्याचे निमंत्रण आहे, सोबतचे माहितीपत्रक वाचण्याची विनंती आहे, दरपत्रक हवे असल्यास कळवण्याची सूचना आहे, आणि शेवटी ‘आपल्या बहुमोल अभिप्रायाच्या प्रतीक्षेत’ आहे. चार दारे उघडी ठेवली की माणूस उंबऱ्यावर थांबतो. त्यातही ‘अभिप्राय कळवावा’ ही विनंती सर्वांत अवघड आहे, कारण तिचे उत्तर देण्यासाठी मालकांना आधी विचार करून, मग शब्द जुळवून काहीतरी लिहावे लागेल. तुम्हाला हवे ते उत्तर ‘चालेल’ किंवा ‘मंगळवारी या’ इतके लहान असले पाहिजे. त्यासाठी एकच पाऊल, एकच दिवस, किती वेळ लागेल, कोण हजर असावे, खर्च कोणाचा आणि त्यातून काय ठरणार, इतके स्पष्ट झाले की पुरे.

पाऊल किती मोठे असावे, हे बैठकीत किती जवळीक झाली त्यावर ठरवावे. इथे मालकांनी मुदत सांगितली, चिरंजीवांनी उपयोग सांगितला आणि आक्षेपही नेमका घेतला, म्हणून सात दिवसांची चाचणी सुचवणे रास्त आहे. त्यांनी नुसता चहा पाजून माहितीपत्रक ठेवून घेतले असते, तर अर्ध्या तासाची जागेची पाहणी एवढेच सुचवायला हवे होते. चाचणी क्रमांक २ च्या चेंबरमध्येच घ्यावी. जिथे फोन सहज लागतो तिथे यंत्र चालवून दाखवले, तर काहीच सिद्ध होत नाही, आणि हे मालकांच्या लगेच लक्षात येईल. यंत्र विनामूल्य लावण्याची परवानगी मात्र मेल लिहिण्याआधी तुमच्या साहेबांकडून घ्या; दिलेला शब्द दुसऱ्या मेलने मागे घेण्यासारखी नामुष्की नाही. आणि दिवस सुचवण्याआधी मॅनेजरला फोन करून त्या आठवड्यातले सौद्याचे दिवस विचारून घ्या. सौद्याच्या सकाळी तिकडे कोणाला मान वर करायला सवड नसते.

या सगळ्याचा मिळून मेल मी असा केला असता. बैठक मंगळवारी झाली आणि मेल बुधवारी सकाळी जातो आहे, असे धरले आहे.

विषय: २ नंबर चेंबरमध्ये ७ दिवसांची चाचणी, सोमवारी ११ वाजता?

आदरणीय साहेब,
सप्रेम नमस्कार.

काल आपण, चिरंजीवांनी आणि मॅनेजर साहेबांनी वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. आपल्या बोलण्यातून मला समजलेल्या गरजा अशा:

– वीज गेली किंवा चेंबरचे तापमान वाढले, तर रात्रीसुद्धा आपल्याला घरी कळावे.
– चारही चेंबरच्या नोंदी आपोआप व्हाव्यात आणि चिरंजीवांनी सांगितल्याप्रमाणे व्यापाऱ्यांना दाखवण्यासाठी त्या महिन्यावारी काढता याव्यात.
– हे काम फेब्रुवारीत नवा माल येण्याआधी पूर्ण व्हावे.

यात काही राहिले किंवा चुकले असल्यास कृपया सांगावे.

२ नंबर चेंबरच्या आत रेंज मिळेल का, ही आपली शंका रास्त आहे. ती पाहण्यासाठी त्याच चेंबरमध्ये एक यंत्र ७ दिवस विनामूल्य लावावे, असे सुचवतो. सोमवारी सकाळी ११ वाजता मी तंत्रज्ञाला घेऊन येईन. अर्धा तास लागेल. मॅनेजर साहेब हजर असावेत. आठव्या दिवशी नोंदी समोर ठेवून चारही चेंबरच्या दराबद्दल बोलू.

सोमवार चालेल का? नसल्यास सोयीचा दिवस कळवावा.

आपला,

याखाली तुमचे नाव आणि मोबाइल क्रमांक, बस्स. कंपनीचे बोधचिन्ह, पुरस्कार आणि सणाच्या शुभेच्छांचे चित्र यांची तिथे गरज नाही.

या मेलमधल्या तीन जागा मुद्दाम दाखवतो. ‘समजलेल्या गरजा’ असे म्हटले आहे आणि लगेच ‘चुकले असल्यास सांगावे’ असेही म्हटले आहे. ही नम्रता तर आहेच, पण तिचा व्यवहारात उपयोगही आहे: तुम्ही ऐकण्यात गफलत केली असेल, तर ती दरपत्रक देण्याआधी उघड होते. मालक ‘चार नाही, पाचवा चेंबर मार्चमध्ये सुरू होतोय’ असे उत्तर देतील, तर मेलचे काम झाले असे समजा. दुसरी जागा दराची. चाचणीआधी दर लिहिला असता, तर दुसऱ्या कंपनीच्या कोटेशनशेजारी तुमचा आकडा ठेवला गेला असता आणि बाकी सारे बाजूला पडले असते. मात्र दराचा उल्लेखच टाळला असता तर लपवाछपवी वाटली असती, म्हणून तो कधी बोलायचा तेवढे सांगितले आहे. मालकांनी बैठकीतच अंदाजे आकडा मागितला असता, तर तो मेलमध्ये देणे भाग होते. तिसरी जागा विषयाची. तुमचा विषय ‘बैठकीसंदर्भात’ असा होता. फोनवर विषयाचे सुरुवातीचे मोजके शब्दच दिसतात, तेव्हा त्यात काम आणि दिवस दोन्ही यावेत.

माहितीपत्रकाची २२ पानांची फाइल मी काढून टाकली आहे. ती मागितलेली नव्हती, आणि बैठकीत छापील प्रत तुम्ही दिलेलीच होती.

उद्धटपणाच्या भीतीविषयी थोडे. आपल्याकडे पत्राला मायना, क्षेमकुशल आणि ‘कळावे, लोभ असावा’ यांची सवय आहे, आणि ती मला स्वतःला प्रिय आहे. पण वरच्या मेलमध्ये ‘आपण’, ‘कृपया’, ‘सुचवतो’, ‘चालेल का’ हे सारे आहे. मान क्रियापदांतून दिसतो, त्यासाठी परिच्छेद लागत नाहीत. ‘आपल्यासारख्या नामांकित उद्योगसमूहाच्या सेवेची संधी’ यासारखी वाक्ये आदरापोटी लिहिली जातात, पण वाचणाऱ्याला ती कोणालाही पाठवता येतील अशी दिसतात. चिरंजीवांचे म्हणणे ‘चिरंजीवांनी सांगितल्याप्रमाणे’ असे लिहिणे हा त्याहून मोठा मान आहे.

पाठवण्याची वेळही महत्त्वाची आहे. तुम्ही तिसऱ्या दिवशी पाठवलात, कारण लांब मेल लिहायला वेळ लागला. बैठकीच्या संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी मेल गेला, तर त्यांच्या कानात स्वतःचे शब्द अजून असतात. आणि तासगावकडचे किती मालक दिवसातून दोनदा मेल उघडतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. मेल गेल्यावर व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकावी: ‘साहेब, कालच्या बैठकीचा मेल पाठवला आहे, सोमवारच्या चाचणीबद्दल आहे.’ मजकूर तिथे पुन्हा चिकटवू नये. मेलची प्रत चिरंजीवांनाही जाऊ द्यावी, पण त्यांचा पत्ता त्यांनी स्वतः दिलेला असेल तरच.

पाठवण्याआधीची माझी एक जुनी सवय सांगतो. बैठकीला नसलेल्या एखाद्या सहकाऱ्याला मेल फोनवर वाचायला द्यायचा, फोन परत घ्यायचा आणि विचारायचे की यांना काय हवे आहे आणि आपण काय मागतो आहोत. ‘यांना आपले यंत्र हवे आहे’ असे उत्तर आले तर गरजा उतरलेल्या नाहीत, आणि दिवस सांगता आला नाही तर पाऊल उतरलेले नाही. तुमचा मूळ मेल मी घरात असाच वाचायला दिला. उत्तर आले: “यांची कंपनी मोठी दिसते.”

आता या शीतगृहापुरते. जुन्या मेलवर ‘आठवणीसाठी’ असे लिहून तोच पुन्हा पाठवू नका. त्यात रजिस्टरची आणि काळवंडलेल्या मालाची ओळ आहे, ती दुसऱ्यांदा त्यांच्यासमोर जायला नको. आधी मॅनेजरला भेटा, फोनवर नव्हे, प्रत्यक्ष जाऊन, आणि ती ओळ लिहायला नको होती हे स्वतःहून सांगा. मग सौदा नसलेल्या दुपारी मालकांना फोन करून फक्त २ नंबरच्या चाचणीचे विचारा. ते हो म्हणाले, तर त्याच संध्याकाळी ठरलेल्या दिवसासह नवा मेल पाठवा. त्यातल्या पहिल्या ओळीत बैठकीऐवजी आजच्या फोनचा उल्लेख येईल, बाकी वरचाच मजकूर चालेल. यंत्र लावून झाल्यावर मॅनेजरसमोर त्याचा प्लग एकदा काढून मालकांच्या फोनवर इशारा पोचतो का ते पाहा. रूटर त्यांचाच वापरत असाल, तर त्याचाही प्लग काढा. आणि ‘दुसऱ्यांकडून घेतले’ असे उत्तर मिळाले, तर कोणते यंत्र व किती चेंबरला, एवढे विचारून वहीत लिहून ठेवा, आणि एप्रिलच्या अखेरीस, वळीव सुरू होण्याआधी, एकदा फोन करून २ नंबरमध्ये त्यांचा इशारा येतो का ते विचारा.